नळी बंद की क्षणभर मिटलेली?

लग्नाला चार वर्षे झाली आणि अजून पाळणा हलला नाही, की फलटणसारख्या गावात तो विषय फार काळ दोघांपुरता राहत नाही. अशा वेळी डॉक्टर एचएसजी नावाची एक्स-रे तपासणी सुचवतात. बोलीभाषेत तिला ‘नळ्यांची तपासणी’ म्हणतात. तिच्या अहवालातील ‘नळी बंद’ हे दोन शब्द घरात पोहोचले, की पुढचे सारे निर्णय त्यांवर होऊ लागतात. म्हणून ते शब्द कशाच्या आधारे लिहिले जातात, हे घरातील ज्येष्ठांनीही जाणून घेतलेले बरे.

गर्भाशयाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांपासून एकेक बीजवाहक नलिका निघते. तिची लांबी सुमारे दहा ते बारा सेंटिमीटर. कोपऱ्यातून निघताना तिचे आतले तोंड जेमतेम एक मिलिमीटर असते. पुढे ती रुंदावत जाते आणि बीजकोशाजवळ झालरीसारखी उघडते. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेट या नलिकेतच होते.

तपासणी पाळी थांबल्यानंतर, पण बीज बाहेर पडण्यापूर्वी, साधारणतः सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करतात. पाळी आल्यापासून तपासणीपर्यंत पतिपत्नींनी संबंध टाळायचे असतात, कारण नकळत गर्भ राहिला असेल तर त्याला धोका नको. अंगावर दुर्गंधीयुक्त स्राव जात असेल, ताप असेल किंवा पूर्वी आयोडीनयुक्त औषधाची ॲलर्जी झाली असेल, तर ते आधीच सांगावे. तपासणीच्या वेळी गर्भाशयाच्या मुखातून बारीक नळीने आयोडीनयुक्त द्रव हळूहळू आत सोडतात आणि त्याचा प्रवास एक्स-रेच्या पडद्यावर पाहतात. प्रथम गर्भाशयाची त्रिकोणी पोकळी भरते, मग दोन्ही बाजूंना धाग्यासारख्या रेषा उमटतात, आणि शेवटी द्रव नळीच्या टोकातून पोटात पसरतो. हे पसरणे दिसले, म्हणजे वाट मोकळी. पाळीच्या दिवसांसारखी कळ काही मिनिटे येते. म्हणून वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घेतात.

आता एक उदाहरण कल्पनेने घेऊ. पत्नी एकतीस वर्षांची, पाळी नियमित. पतीची वीर्यतपासणी झालेली व चांगली. (ती झाली नसेल, तर पत्नीला या टेबलावर झोपवण्याची घाई कशासाठी?) डाव्या नळीतून द्रव पोटात पसरला. उजवीकडे मात्र तो गर्भाशयाच्या कोपऱ्यातच थांबला. नळीची रेषा उमटलीच नाही. अहवाल सांगतो, उजवी नळी कोपऱ्यात बंद.

इथे थांबून विचार करायला हवा. त्या कोपऱ्यात नळीभोवती गर्भाशयाचा स्नायू असतो. भीतीने, वेदनेने किंवा द्रव जोरात सोडल्याने तो आवळला जातो आणि वाट तेवढ्यापुरती मिटते. कधी चिकट स्रावाची गुठळी अडकलेली असते. शिवाय द्रव सोप्या वाटेने धावतो. डावी नळी मोकळी असल्यावर उजवीकडे पुरेसा दाबच तयार होत नाही. म्हणून कोपऱ्यात थांबलेला द्रव हा कायमच्या अडथळ्याचा पुरावा नव्हे. काही आठवड्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीत हीच नळी मोकळी दिसल्याचे अनेकदा आढळते. खात्री हवीच असेल, तर दुर्बिणीतून पोटात पाहत निळा द्रव सोडून तपासतात. पण एका बाजूची वाट मोकळी असताना, वय आणि इतर तपासण्या अनुकूल असल्यास, डॉक्टर काही महिने नैसर्गिक प्रयत्नांनाही वाव देतात.

नळीचे बाहेरचे टोक बंद असेल, तर चित्र वेगळे. द्रव नळीत शिरतो, ती फुग्यासारखी फुगते, आणि उशिराने घेतलेल्या एक्स-रेमध्येही द्रव तिथेच साचलेला दिसतो. ही क्षणिक आकुंचनाची गोष्ट नव्हे. अशा नळीतील पाणी गर्भाशयात झिरपून टेस्ट ट्यूब बेबीच्या यशालाही बाधा आणते. म्हणून त्या उपचारापूर्वी ती काढावी किंवा गर्भाशयापासून तोडावी लागते. नळी मण्यांच्या माळेसारखी किंवा ताठ दिसली, तर आपल्याकडे क्षयरोगाची शंका घेतात. पूर्वी छातीचा किंवा मानेच्या गाठीचा क्षय झाला असेल, तर सुनेने किंवा मुलीने ते संकोच न करता सांगावे. मात्र केवळ एक्स-रेवरून क्षयाचे औषध सुरू करू नये. त्यासाठी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासावा लागतो.

उलट, दोन्ही नळ्या मोकळ्या दिसल्या तरी नळीच्या आतील सूक्ष्म केसांचे काम किंवा भोवतीचे चिकटलेले पडदे या चित्रात नेहमीच कळतात असे नाही.

साताऱ्याला किंवा बारामतीला दाखवायला जाताना केवळ अहवालाचा कागद नेऊ नये. सर्व एक्स-रे चित्रे क्रमाने न्यावीत, कारण द्रव कुठे आणि कसा थांबला हे त्यांतच दिसते. तपासणीनंतर एकदोन दिवस थोडे रक्त जाणे स्वाभाविक आहे. ताप आला, पोटातील दुखणे वाढत गेले किंवा स्रावाला दुर्गंधी आली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.