खेळ बुडाला, कंपनी तरली

टायनी स्पेक या कंपनीने सप्टेंबर 2011 मध्ये ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ सर्वांसाठी खुला केला आणि दोनच महिन्यांत तो पुन्हा चाचणीच्या अवस्थेत नेला. फ्लिकरचे सहसंस्थापक स्टुअर्ट बटरफील्ड कंपनीचे प्रमुख होते. खेळावर जीव लावणारे खेळाडू होते, पण मूठभर. नव्याने येणारे बहुतेक जण काही मिनिटांतच निघून जात. शिवाय खेळ फ्लॅशवर बांधलेला होता आणि मोबाइलवर फ्लॅशला भवितव्य उरले नव्हते. वर्षभर दुरुस्त्या करूनही ही गळती थांबली नाही.

नोव्हेंबर 2012 मध्ये खेळ बंद करण्याचे जाहीर झाले, तेव्हा सुमारे 50 लाख डॉलर शिल्लक होते. या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. तिजोरी रिकामी झाल्यावर मांडलेली नवी योजना म्हणजे आणखी पैशांची मागणी असते. पैसा हाताशी असताना मांडली, तर गुंतवणूकदाराला खरोखर निवड करता येते. बटरफील्ड यांनी उरलेली रक्कम परत देण्याची तयारी दाखवली. गुंतवणूकदारांनी मात्र त्याच पैशांत दुसरे काही उभारायला सांगितले. बहुतेक कर्मचाऱ्यांना निरोप द्यावा लागला. त्यांच्यासाठी नोकऱ्या शोधण्याची खटपट झाली आणि खेळाडूंना पैसे परत देऊ केले गेले. गुंतवणूकदार हेही पाहत असतात.

नवी योजना हवेतून आली नव्हती. वेगवेगळ्या शहरांत बसून काम करताना या चमूने जुन्या आयआरसी गप्पाव्यवस्थेवर स्वतःपुरते एक साधन रचले होते. जुने संदेश साठवणे, ते शोधता येणे, फायली एकाच जागी सापडणे ही त्याची कामे. म्हणजे ते उपयोगी पडते, याचा पुरावा घरातच होता. नसलेला पुरावा एवढाच, की परक्या कंपन्यांनाही ते हवे आहे का. म्हणून 2013 मध्ये ते आधी ओळखीच्या मोजक्या कंपन्यांना वापरायला दिले. छोट्या गटात चालणारी रचना मोठ्या गटात अडखळते, हे तिथेच उघड झाले. ऑगस्टमध्ये निमंत्रणावर प्रवेश सुरू झाला आणि फेब्रुवारी 2014 मध्ये ‘स्लॅक’ सर्वांसाठी खुले झाले.

गुंतवणूकदारांना कळवताना हाच क्रम ठेवावा: कोणते गृहीतक खोटे ठरले, ते कोणत्या आकड्यावरून कळले, किती पैसा आणि किती महिने उरले, जुन्यातले काय कामी येईल. ‘बाजार अजून तयार नव्हता’ या वाक्यातून यातले काहीच कळत नाही. नव्या गृहीतकाची चाचणी कधी होणार आणि काय दिसल्यास तेही सोडले जाईल, हे त्याच पत्रात लिहावे.

अर्थात बटरफील्ड यांच्या पाठीशी फ्लिकरचे यश होते. पहिल्यांदाच उद्योग उभारणाऱ्याकडे अशी पुण्याई नसते. त्याने वाईट आकडे पायलट चालू असतानाच, दर महिन्याला कळवत राहावे.