आभाराच्या स्लाइडवर फेब्रुवारी

आयटी कंपनीतला माणूस राजीनामा देतो, तेव्हा नोटिशीच्या शेवटच्या काही आठवड्यांत त्याच्याकडून ‘केटी’ घेतली जाते. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. आपल्याला ठाऊक असलेलं सगळं मागे राहणाऱ्याच्या ओंजळीत टाकायचं. चाळीस-पन्नास स्लाइड होतात आणि शेवटी मोठ्या अक्षरांत ‘थँक यू’, खाली ‘एनी क्वेश्चन्स?’ गंमत अशी, की पडद्यावर सर्वांत जास्त वेळ राहते ती हीच स्लाइड. प्रश्नोत्तरं तिच्यासमोर होतात, चेष्टामस्करी तिच्यासमोर होते, केक कापला जातो तोही तिच्याच उजेडात. आणि नेमकी तीच कोरी!

तिथे काय असायला हवं, हे एका कल्पित पण अगदी ओळखीच्या प्रसंगावरून पाहू. पुण्यातल्या एका कंपनीत पगाराची प्रणाली सांभाळणारी अभियंता ऑक्टोबरअखेर नोकरी सोडते आहे. महाराष्ट्रात व्यवसाय कर ज्यांना पूर्ण दराने लागू होतो, त्यांच्या पगारातून वर्षाला २,५०० रुपये कापले जातात: अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. इथल्या जुन्या प्रणालीत हा फेब्रुवारीचा आकडा दर वर्षी हाताने बदलावा लागतो, आणि ते काम इतकी वर्षं ही बाईच करत आली. केटी झाली सप्टेंबर-ऑक्टोबरात. नव्या माणसाने दोन पगार तिच्या शेजारी बसून काढले, दोन्ही बिनचूक. फेब्रुवारी त्याला दिसलाच नाही.

मग फेब्रुवारीत काय होईल? काहीच नाही, हीच पंचाईत. पगार वेळेवर होतील, पडद्यावर लाल अक्षर उमटणार नाही. चलन जुळवताना माणशी १०० रुपये कमी निघतील. ४०० कर्मचारी असतील तर ४०,०००, आणि कापायचे राहिले म्हणून कंपनीची भरण्याची जबाबदारी टळत नाही.

म्हणून शेवटच्या स्लाइडवर पहिला मान तारखांना. रोजचं काम नवा माणूस चार दिवसांत शिकतो. वर्षातून एकदाच येणारं काम जाणाऱ्याने लिहून ठेवलं नाही तर ते त्याच्याबरोबरच जातं. ‘जानेवारीअखेर व्यवसाय कराचा आकडा ३०० करणे, मार्चच्या पगाराआधी पुन्हा २००’ एवढी एक ओळ पुरे, समोर जबाबदार माणसाचं नाव.

दुसरी ओळ लॉगिनची. अनेक ठिकाणी रात्री आपोआप चालणारी कामं कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर लावलेली असतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते खातं बंद होतं आणि महिनाअखेरीला बँकेकडे जाणारी फाइल जात नाही. उपाय सोपा आहे: ही कामं आठवडाभर आधी सामाईक खात्यावर हलवायची आणि बाई खुर्चीत असतानाच एकदा चालवून पाहायची. पासवर्ड मात्र स्लाइडवर कधीही लिहू नये. तो कुठे ठेवला आहे एवढंच लिहावं. खुद्द सादरीकरणही तिच्या खात्यात राहू देऊ नये. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये वापरणाऱ्याचं खातं काढून टाकल्यावर त्याच्या फायली एरवी ३० दिवसच राखल्या जातात. कंपनीने मुदत वाढवली असेल तरच जास्त.

आता निरोप. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ यात कुणाचेच आभार नसतात. त्याऐवजी ‘बँकेने फाइल परत पाठवली की लेखा विभागातल्या अमुक ताईंनी दर वेळी वाट काढून दिली’ असं लिहिलं, तर ताईंना बरं वाटतंच, शिवाय फाइल अडकल्यावर कुणाचं दार ठोठवायचं हे नव्या माणसाला कळतं. ‘कधीही फोन करा’ हे वाक्य मात्र मायेपोटी लिहिलं जातं आणि दोघांनाही अडचणीत आणतं. नव्या नोकरीत बसून जुन्या कंपनीच्या पगाराबद्दल बोलणं गोपनीयतेच्या करारात बसत नाही. वैयक्तिक नंबर निरोपाच्या मेलमध्ये द्यावा, चहाला भेटण्यासाठी.

एवढं करूनही स्लाइड वाचून दाखवायची कुणी, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतल्या रुग्णालयांत डॉक्टरांची पाळी बदलताना ‘आय-पास’ नावाची पद्धत वापरतात. तिची शेवटची पायरी बोलणाऱ्याची नसून ऐकणाऱ्याची आहे: काय समजलं ते त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. नऊ रुग्णालयांतल्या अभ्यासात या पद्धतीनंतर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. अर्थात त्यात प्रशिक्षणासह इतर पायऱ्यांचाही वाटा होता. आपल्या आयटीवाल्यांकडे याला ‘रिव्हर्स केटी’ म्हणतात आणि घाईत बहुधा तीच गाळली जाते. शेवटची स्लाइड नव्या माणसाने वाचावी. तो ‘जानेवारीत आकडा ३०० करायचा’ एवढं म्हणून थांबला, तर मार्चआधी तो परत २०० करायला तो विसरणार हे तिथल्या तिथे दिसतं, आणि दुरुस्त करणारी बाई अजून समोर बसलेली असते.