उधारी किती दिवसांनी हातात येते?

मंडळी, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधी वहीतला एक हिशेब करून बघा.

समजा, पेडण्यातल्या एका होडीमालकाने ऑगस्ट ते मे या हंगामात १८ लाखांची मासळी विकली. ६ लाख रोख, १२ लाख डिचोली बाजारातल्या विक्रेत्यांना उधारीवर. १ ऑगस्टला जुनी येणे बाकी ८० हजार होती, ३१ मे रोजी १ लाख ६० हजार.

दोन्ही बाक्यांची बेरीज करून निम्मे करा: सरासरी येणे १ लाख २० हजार. उधारीच्या १२ लाखांना त्याने भागले की उत्तर १०. म्हणजे हंगामात उधारी दहा वेळा फिरली. हंगामाचे दिवस ३०४, भागिले १०, म्हणजे साधारण ३० दिवस. बोली १५ दिवसांची असेल, तर पैसे दुप्पट उशिरा येतायत.

इथे चूक होते ती अशी. रोख धरून १८ लाख घेतले, तर उत्तर २० दिवस येतं आणि वसुली बरी वाटते. म्हणून फक्त उधारीची विक्रीच घ्यायची.

अजून एक. बंदीच्या तोंडावर वसुली केली असेल, तर शेवटची बाकी कमी दिसते आणि सरासरी फसवते. अशा वेळी दर महिनाअखेरची बाकी लिहून तिची सरासरी काढा. आणि नावावार बघाच: एकाचेच ६० हजार अडकलेले असतील, तर ते सरासरीत दिसणार नाहीत.