रेतीघाटाचा लिलाव : 'काढणार किती'च्या आधी 'भरली किती' हे विचारा

मूर्तिजापूर : पावसाळा संपला की तालुक्यात रेतीघाटांची चर्चा सुरू होते. कोणाला घरकुलाचा स्लॅब टाकायचा असतो, कोणाच्या विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं. मग ग्रामसभेत दोन बाजू पडतात. एक म्हणते घाट द्या, दुसरी म्हणते देऊ नका. ठराव होतो, कागद तहसीलमध्ये जातो आणि पुढे काय झालं ते गावाला कळत नाही. घाट द्यायचा की नाही हे ठरवताना प्रशासनाला कायद्याच्या दोन कसोट्या लावाव्या लागतात. त्या गावाला माहीत असल्या तर ठरावात नेमकं काय लिहायचं ते कळतं.

दोन कसोट्या कोणत्या?

पहिली कसोटी सावधगिरीच्या तत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात (वेल्लोर प्रकरण) ती सांगितली. नुकसान गंभीर आणि भरून न येणारं होण्याचा धोका असेल, तर 'पक्का शास्त्रीय पुरावा नाही' असं म्हणून सरकारला हातावर हात ठेवून बसता येत नाही. शिवाय आपल्या कामामुळे नुकसान होणार नाही, हे काम करणाऱ्यानेच दाखवायचं असतं. नुकसान होईलच हे गावाने सिद्ध करावं, अशी अपेक्षा नाही.

दुसरी कसोटी शाश्वत विकासाची. आजची गरज भागवा, पण पुढच्या पिढीचं संपवू नका, असा तिचा अर्थ. घरं आणि रस्ते लागतात, रेतीही लागते. म्हणून सरसकट बंदी हे या कसोटीचं उत्तर नाही.

कोणती कसोटी कधी लावायची, हे नर्मदा धरणाच्या 2000 च्या निकालात स्पष्ट झालं. नुकसान किती होईल हे माहीत नसेल तेव्हा सावधगिरीचं तत्त्व पुढे येतं. परिणाम माहीत असेल, तर तो कमी करायला कोणते उपाय केले आणि ते पुरेसे आहेत का, हे शाश्वत विकासाच्या कसोटीवर पाहिलं जातं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यात, कलम 20 मध्ये, ही तत्त्वं निर्णय देताना लावायचीच असं लिहिलेलं आहे.

रेतीत हे कसं लागू होतं?

पूर्णेच्या खोऱ्यात हा प्रश्न जास्त नाजूक आहे. खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे नदीच्या गोड पाण्याची किंमत वेगळी. नदीतली रेती पाणी धरून ठेवते. पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींची पातळीही त्याच्यामागे खाली जाऊ शकते.

एक साधा हिशोब पाहू. समजा घाट 200 मीटर लांब आणि 50 मीटर रुंद आहे. एक मीटर खोल काढायची परवानगी दिली, तर 10 हजार घनमीटर रेती निघते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे सुमारे 2.83 घनमीटर. त्या हिशोबाने ही रेती साडेतीन हजार ब्रास होते.

आता समजा पुराने त्या पात्रात सरासरी 30 सेंटीमीटरच रेती आणून टाकली. म्हणजे भरली 3 हजार घनमीटर, साधारण 1,060 ब्रास. एका वर्षात नदीने जेवढं दिलं, त्याच्या तिपटीहून जास्त लिलावात गेलं. दरवर्षी असंच चाललं तर पात्र खचत जाईल. हे लिलाव करून नंतर कळण्यापेक्षा आधीच मोजावं, यालाच पुनर्भरण अभ्यास म्हणतात. त्यासाठी पात्राची पातळी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजावी लागते. दोन्ही मोजण्या उन्हाळ्यातल्याच असतील, तर पुराने किती आणलं ते त्यातून कळूच शकत नाही.

न्यायालय काय म्हणालं?

श्रीनगरच्या रिंग रोडसाठी शालिगंगा नदीतून रेती-मुरूम काढायची पर्यावरण मंजुरी दिली गेली होती. जिल्हा सर्वेक्षण अहवालात पुनर्भरणाची आकडेवारी नव्हती. तज्ज्ञ समितीला ते माहीत होतं. तरी खोदकाम एक मीटरपर्यंतच करा, अशी अट घालून मंजुरीचा मार्ग मोकळा केला. हरित न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली आणि 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. जंगलात झाडं किती वेगाने वाढतात हे पाहूनच तोड ठरवतात, तसं नदी किती भरते हे पाहूनच रेती ठरवा. पुनर्भरण अभ्यास नसलेल्या अहवालावर मंजुरी टिकत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'खोली कमी ठेवू' ही अट ऐकायला सावधगिरीची वाटते. पण नदी 30 सेंटीमीटर भरते की 10, हे माहीत नसताना एक मीटर कमी की जास्त हे कोण सांगणार?

दुसरी बाजूही न्यायालयाने सांगितली आहे. बिहारच्या रेती प्रकरणात नोव्हेंबर 2021 मध्ये निकाल देणाऱ्या पीठावर अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. सरसकट बंदीमुळे अवैध उपसा वाढतो, बांधकामं अडतात आणि सरकारचा महसूलही बुडतो, हे त्या निकालाने मान्य केलं. पण जिल्हा सर्वेक्षण अहवाल नीट तयार करायलाही बजावलं. म्हणजे रेती काढायला ना नाही, पण आधी मोजा.

गावाने काय पाहावं?

जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या वेबसाइटवर 21 दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो, असा 2016 च्या केंद्रीय अधिसूचनेचा नियम आहे. लिलावाच्या जाहिरातीची वाट न पाहता या 21 दिवसांकडे लक्ष ठेवलेलं बरं.

अहवालात आपल्या घाटाचं पान काढा. पावसाळ्याआधीची आणि नंतरची मोजणी तारखेसह आहे का, ते पाहा. वेगवेगळ्या घाटांची रेतीची जाडी एकसारखी दाखवली असेल, तर मोजणी खरंच झाली का, हे लेखी विचारता येतं.

ग्रामसभेच्या ठरावात नुसतं 'विरोध आहे' लिहिलं तर ते मत ठरतं आणि बाजूला पडतं. 'नळयोजनेची विहीर घाटापासून इतक्या मीटरवर आहे, तिची पातळी उन्हाळ्यात इतकी खाली जाते, पुनर्भरणाची मोजणी अहवालात दिसत नाही' असं लिहिलं, तर त्याचं उत्तर फाइलवर द्यावं लागतं. विहिरीची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहिली तरी ती नोंद कामी येते.

पर्यावरण मंजुरी निघालीच, तर तिच्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे 30 दिवसांत अपील करता येतं. उशिराचं सबळ कारण दिलं तर आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. त्यानंतर मात्र दार बंद होतं.

इथे एक मर्यादाही आहे. नुसत्या शंकेवर कोणी मंजुरी रद्द करत नाही. धोका गंभीर आहे आणि तो तपासलाच गेला नाही, हे दाखवावं लागतं. मोजणी नीट झाली असेल, नदी भरत असेल आणि तेवढीच रेती काढली जात असेल, तर घाट अडवायला कायद्याचा आधार उरत नाही. घरकुलवाल्यांना रेती मिळण्याचा हाच सरळ रस्ता आहे.