व्हिनेगरने पोट उतरतं का?

'रोज सकाळी ॲपल सायडर व्हिनेगर घ्या, पोट वितळेल' या दाव्याला 2024 मध्ये लेबनॉनमधल्या एका अभ्यासाने मोठं बळ दिलं. 12 आठवड्यांत 6 ते 8 किलो वजन घटल्याचं त्यात म्हटलं होतं. पण आकडेवारीत गंभीर त्रुटी आढळल्याने 2025 मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला.

त्याआधी, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या एका अभ्यासात लोकांनी 12 आठवडे रोज 15 किंवा 30 मिली व्हिनेगर घेतलं. वजन जेमतेम एक-दोन किलो उतरलं आणि व्हिनेगर थांबवल्यावर पुन्हा वाढलं.

पोट उतरवण्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या ग्रीन टीने पडणारा फरकही नगण्यच. चियाने पोट भरल्यासारखं वाटतं, पण पोटाची चरबी वितळत नाही.

व्हिनेगर घ्यायचंच असेल तर पाण्यात मिसळूनच घ्या. त्यातल्या आम्लाने दातांचं एनॅमल झिजतं.