झाकणाच्या रिंगेत मुरलेला लसूण

डबा घासून लख्ख होतो, पालथा घालून वाळतो, फडक्याने पुसून फळीवर जातो. आणि आठ दिवसांनी झाकण उघडले की मागच्या महिन्यातली लसूण चटणी पुन्हा समोर उभी! हवाबंद डबे वापरणाऱ्या बहुतेक घरांत हा अनुभव येतो. मग दोष साबणाला दिला जातो, कामवालीला दिला जातो, नाहीतर घरातल्या सुनेला.

आमच्या ओळखीच्या एका घरात तो खरोखरच सुनेच्या वाट्याला आला. घर शहापुरातले, सासूबाई मराठी, सून धारवाडकडची. तिच्या माहेराहून दर दोन महिन्यांनी चटणीपुडी येते. शेंगांची, गुरेळ्ळाची म्हणजे आपल्या कारळाची, आणि सगळ्यांत भरपूर लसूण. ही चटणी काचेच्या, वर तारेची कडी असलेल्या बरणीत दीड महिना राहिली. दिवाळीच्या तोंडावर बरणी रिकामी झाली, साबणाने दोनदा धुतली गेली आणि तिच्यात बेसनाचे लाडू भरले गेले. चौथ्या दिवशी पाहुण्यांपुढे ताटली ठेवली तेव्हा लाडवाला लसणाचा वास! ‘चटणीच्या हातानं लाडू वळलेस काय ग?’ सासूबाईंनी पाहुण्यांदेखतच विचारले. सून काही बोलली नाही. पाहुणे गेल्यावर तिने झाकणाखालची पांढरी रिंग काढली आणि पुढे केली. ‘अत्ती, ह्याचा वास बघा.’

वास तिथेच होता. काचेला नव्हता, लाडू वळणाऱ्या हातांचा तर नव्हताच.

असे का होते, हे आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला सोप्या शब्दांत समजावले. काच आणि स्टील यांच्या आत काही शिरत नाही. जे काही चिकटते ते वरच्या वर, म्हणून साबणाने निघून जाते. सिलिकॉनची रिंग मात्र डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसली तरी आतून विरळ विणीच्या कापडासारखी असते. पाणी तिच्यात फारसे शिरत नाही, पण तेलात विरघळणारे वासाचे सूक्ष्म कण सहज शिरतात. लसूण, कांदा आणि हिंग यांचा उग्र वास गंधकयुक्त द्रव्यांचा असतो आणि ती नेमकी याच जातीची. दीड महिना चटणीच्या सान्निध्यात राहिलेली रिंग लोणच्यातल्या फोडीसारखी मुरते. साबण पृष्ठभाग धुतो. मुरलेल्यापर्यंत तो पोहोचतच नाही.

मग हीच रिंग लाडवाच्या बरणीवर बसली की उलटा प्रवास सुरू होतो. आत कोंडलेला वास हळूहळू बाहेर येतो, बरणी हवाबंद असल्यामुळे त्याला जायला वाट नसते आणि समोर तुपाने भरलेले लाडू असतात. तूप वास ओढून घेते. त्याच बरणीत साखर किंवा तांदूळ भरले असते तर कदाचित कोणाच्या लक्षातही आले नसते.

यावर घरोघरी केला जाणारा उपाय म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतणे. छान फेस येतो आणि आपल्याला वाटते, काहीतरी झाले. प्रत्यक्षात दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि उरते ते जवळजवळ नुसते खारट पाणी. या दोन वस्तू निरुपयोगी नाहीत, पण त्या वेगवेगळ्या वापरायच्या आणि वेगवेगळ्या वासांसाठी. दही, ताक, आंबवलेले पीठ यांचा आंबूस वास आम्लाचा असतो. तिथे एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडा घालून रिंग रात्रभर ठेवली तर गुण येतो. सुकटीचा, जवळ्याचा वास याच्या उलट स्वभावाचा. त्याला व्हिनेगर किंवा लिंबू लागते. एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास पुरे. लसूण आणि हिंग मात्र या दोघांनाही फारसे जुमानत नाहीत. त्यांना बाहेर काढायला ऊब आणि मोकळी हवा लागते.

त्या शहापूरच्या घरात रिंग कशी साफ झाली ते क्रमाने सांगते, कारण त्यात सगळे आले.

आधी रिंग खाचेतून पूर्ण बाहेर काढली. यासाठी चमच्याच्या मागच्या बोथट टोकाचा उपयोग करावा. सुरीचे टोक लागले तर रिंगेला बारीक चीर पडते आणि पुढे त्याच चिरेत घाण बसते. रिंगेखाली झाकणाच्या खाचेत पिवळसर, चिकट असा थर निघाला. ते शेंगदाण्याचे जुने तेल, खवट झालेले. बरणी दोनदा धुऊनही ते तिथेच होते, कारण रिंग कोणी काढलीच नव्हती. हा थर ठेवून वरचे सगळे उपाय करणे फुकट. शिवाय खवट तेलाचा अंश ताज्या तेलातुपाला लागला तर तेही लवकर खवट होते. खाच जुन्या टूथब्रशने घासली. रिंग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून दहा मिनिटे ठेवली आणि बोटांनी चोळली. घासणीने चोळू नये, ओरखडे पडतात. बोटाला बुळबुळीत लागेनाशी होईपर्यंत, म्हणजे दोन वेळा, हे करावे लागले. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिंबाच्या किंवा फुलांच्या उग्र वासाच्या साबणात रिंग तासन्‌तास बुडवून ठेवली तर ती साबणाचाही वास धरते. मग लाडवाला लसणाऐवजी साबणाची चव!

नंतर पातेल्यात रिंग बुडेल इतके साधे पाणी घेऊन ती पंधरा मिनिटे उकळली. स्वयंपाकघरात लसणाचा घमघमाट सुटला. सासूबाईंनी नाक मुरडले, पण ही चांगली खूण होती. वास निघत होता. उकळणे थांबताच रिंग चिमट्याने लगेच बाहेर काढली. त्याच पाण्यात थंड होऊ दिली तर निघालेला वास पुन्हा तिच्यात परतू शकतो.

रिंग पुसून कोरडी केल्यावर ती घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, स्टीलच्या ताटलीवर, १२० अंश सेल्सिअसला वीस मिनिटे ठेवली. तापलेल्या सळईला तिचा स्पर्श होऊ दिला नाही आणि खिडकी उघडी ठेवली. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी उकळण्याची क्रिया दोन-तीनदा, दर वेळी नवे पाणी घेऊन करावी आणि नंतर रिंग तीन-चार दिवस उन्हावाऱ्यात ठेवावी. वेळ जास्त लागतो, पण काम होते. बेळगावच्या पावसाळ्यात मात्र उन्हाचा भरवसा नाही. त्या दिवसांत चुलीपासून हातभर दूर, वारा खेळेल अशा जागी रिंग टांगून ठेवणे बरे.

वास गेला की नाही, हे लगेच नाकाला लावून ठरवू नये. रिंग गार झाली की ती वास कमी सोडते आणि सतत हुंगून आपले नाकही सरावते. परीक्षा अशी करावी. स्वच्छ काचेच्या ग्लासात एक चमचा दूध पावडर घ्यावी, तिच्यावर एका वाटीत रिंग ठेवावी आणि ग्लास स्टीलच्या ताटलीने झाकून रात्रभर ठेवावा. सकाळी घरातल्या दुसऱ्या माणसाला पावडरीचा वास घ्यायला सांगावा, आणि तोही काय शोधायचे ते न सांगता. त्या घरी पहिल्या सकाळी नातवाने ‘थोडा चटणीचा’ असा निकाल दिला. रिंग पुन्हा अर्धा तास ओव्हनमध्ये गेली. दुसऱ्या सकाळी निकाल आला, ‘दुधाचा’.

आता सावधगिरी. हे भाजणे फक्त संपूर्ण सिलिकॉनच्या वस्तूंसाठी आहे. बऱ्याच झाकणांत सिलिकॉनची कड प्लॅस्टिकच्या चकतीला जोडलेली असते; ती चकती ओव्हनमध्ये वाकडी होईल. काही स्वस्त डब्यांच्या रिंगा सिलिकॉनसारख्या दिसतात पण दुसऱ्याच मऊ प्लॅस्टिकच्या असतात आणि उष्णतेने ढिल्या पडतात. म्हणून डब्यावर किंवा खोक्यावर सिलिकॉन असे लिहिलेले असेल आणि किती तापमान चालते ते दिलेले असेल तरच ओव्हन वापरावा. जुन्या बरण्यांच्या तांबूस किंवा काळ्या रिंगा बहुधा रबराच्या. रबराला ना ओव्हन मानवतो ना कडक ऊन; ते कडक होते, बारीक भेगा पडतात. त्याला कोमट पाणी, साबण, थोडा सोडा आणि सावलीतला वारा एवढेच द्यावे. कुकरच्या रिंगेवर हे प्रयोग करू नयेत. तिथे प्रश्न वासाचा नसून वाफ धरून ठेवण्याचा असतो.

साध्या रबराची आणखी एक खोड आहे. तेलकट लोणचे किंवा चटणी वर्षानुवर्षे लागली की ते तेल पिऊन फुगते. रिंग खाचेपेक्षा लांब होते, तिला लाटा पडतात आणि झाकण नीट बसत नाही. अशी रिंग धुऊन सुधारत नाही. सिलिकॉनची असो वा रबराची, बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, धुऊनही चिकट लागत असेल, किंवा बुरशीचे काळे ठिपके आत उतरले असतील, तर ती बदलावी. जुनी रिंग भांड्यांच्या दुकानात सोबत न्यावी. नुसते माप सांगून आणलेली रिंग क्वचितच बसते. नवी बसवल्यावर बरणीत अर्धी पाणी भरून ती कागदावर दहा मिनिटे आडवी ठेवावी. कागद कोरडा राहिला तर झाकण घट्ट आहे.

शहापूरच्या घरात आता एकाच बरणीला दोन रिंगा आहेत. जुनी पांढरी चटणीपुडीसाठी, नवी लाल गोडासाठी, आणि रिकाम्या बरणीचे झाकण कधीच लावलेले नसते. लाल रिंग सासूबाईंनीच आणली. फळीवर बरणीशेजारी एक खिळा आहे. जी रिंग वापरात नसेल ती त्याला लटकलेली असते.