दहापट बारीक, शंभरपट सावकाश

स्पेक्ट्रम अॅनालायझरची रिझोल्युशन बँडविड्थ दहापट कमी केली, तर एका स्वीपला दहापट नव्हे, शंभरपट वेळ का लागतो? एका वाचकाने विचारलेला हा प्रश्न फार सुंदर आहे.

आधी एक उदाहरण घेऊ. १०० मेगाहर्ट्झवर एक जोरदार सिग्नल आहे आणि त्याच्यापासून फक्त १० किलोहर्ट्झ अंतरावर ६० डेसिबलने क्षीण असा दुसरा. अॅनालायझर एक फिल्टर हळूहळू सरकवत पडद्यावर आलेख काढतो. त्या फिल्टरची रुंदी म्हणजे रिझोल्युशन बँडविड्थ. ती १० किलोहर्ट्झ ठेवली तर जोरदार सिग्नलचा डोंगर आणि त्याचे पसरट उतार एवढेच दिसतात. नेहमीच्या अॅनालॉग फिल्टरचा उतार ६० डेसिबल खाली माथ्याच्या साधारण अकरापट रुंद असतो. म्हणून ३ किलोहर्ट्झलाही क्षीण सिग्नल उताराखालीच राहतो आणि १ किलोहर्ट्झला मोकळा होतो. शिवाय १० किलोहर्ट्झच्या तुलनेत गोंगाटाची पातळी १० डेसिबलने उतरते: गोंगाट सगळीकडे पसरलेला असल्यामुळे अरुंद फिल्टरमधून त्याचा दहावा हिस्साच येतो, एका वारंवारतेचा सिग्नल मात्र पूर्ण येतो. एखादे टोक खरा सिग्नल आहे की गोंगाट, हेही असेच तपासता येते.

आता वेळ. अरुंद फिल्टर जड झोपाळ्यासारखा असतो. योग्य लयीतले बरेच धक्के मिळाल्यावरच तो पूर्ण उंची गाठतो. रुंदी दहापट कमी, तर भरायला वेळ दहापट जास्त. आणि सरकताना सिग्नल त्या अरुंद खिडकीत थांबतोही दहापट कमी. दोन्हींचा गुणाकार शंभर. १०० किलोहर्ट्झचा पट्टा १० किलोहर्ट्झ रुंदीने सुमारे अडीच मिलिसेकंदांत होतो, १ किलोहर्ट्झने पाव सेकंदात, १०० हर्ट्झने २५ सेकंदांत.

फिल्टरची रुंदी आणि त्याला लागणारा वेळ यांचे हे नाते कार्ल क्युप्फम्युलर या जर्मन अभियंत्याने १९२४ मध्येच मांडले होते. हायझेनबर्गचे अनिश्चितता तत्त्व १९२७ चे. गणिताचा गाभा तोच, पण क्युप्फम्युलरचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटते, याची मला खंत वाटते.

फिल्टरला पुरेसा वेळ न देता घाई केली तर टोक बुटके व रुंद होते आणि स्वीपच्या दिशेने सरकते. अनेक यंत्रे अशा वेळी पडद्यावर UNCAL दाखवतात. ती सूचना नसली तरी वेग निम्मा करून बघावे: टोक उंचावले किंवा हलले, तर आधीचे मोजमाप चुकीचे होते.

आजची यंत्रे कमी रुंदीला फिल्टर सरकवण्याऐवजी सगळा पट्टा एकदम नोंदवून गणिताने उलगडतात. त्यामुळे ते २५ सेकंद वीस-तीस मिलिसेकंदांवर येतात. ‘तत्काळ मापन’ अशी जाहिरात मात्र मी मान्य करत नाही. १०० हर्ट्झचा फरक ओळखायचा तर सिग्नल किमान १० मिलिसेकंद ऐकावाच लागतो, मग प्रोसेसर कितीही वेगवान असो.